पहिला पर्पल टीम सराव: एकच हल्ला घ्या आणि त्याचा शेवटपर्यंत माग काढा

पर्पल टीम सराव म्हणजे हल्ला करून बघणारे आणि पहारा देणारे एकत्र बसून करतात तो सराव. आमचा पहिला दोन दिवसांचा होता. टेस्टर मंडळींनी चाळीसेक तंत्रांची यादी आणली आणि ती एकामागून एक चालवली. पहारा देणारी आमची टीम बाजूच्या खुर्च्यांवर बसून अलर्ट शोधत होती. शेवटी हातात एक रंगीत तक्ता उरला, त्यात काही चौकोन हिरवे होते आणि बरेच लाल. लाल का, हे मात्र कोणालाच सांगता आलं नाही. लॉगच नव्हता, की लॉग होता पण नियम नव्हता, की नियम होता आणि त्याचा अलर्ट कोणीतरी रोजच्या सवयीने बंद केला? तीन महिन्यांनी तोच तक्ता पुन्हा काढला, तेव्हा लाल चौकोन होते तिथेच होते.

दुसऱ्या वेळी आम्ही एकच तंत्र घेतलं आणि अख्खा दिवस त्याला दिला. हा लेख त्या दुसऱ्या पद्धतीचा आहे. तुमच्याकडे विंडोज डोमेन आहे, लॉग एका ठिकाणी जमा होतात (त्या ठिकाणाला पुढे मी सीम म्हणेन) आणि टेस्टर तुमच्याच संस्थेतले किंवा बाहेरून बोलावलेले आहेत, एवढं गृहीत धरलं आहे.

## 1. तंत्र निवडा आणि प्रश्न एका वाक्यात लिहा

पहिल्या सरावासाठी मी कर्बरोस्टिंग सुचवतो. मायटर संस्थेच्या ‘अटॅक’ या हल्लातंत्रांच्या यादीत त्याचा क्रमांक `T1558.003`. टिम मेडिन यांनी 2014 साली डर्बीकॉन परिषदेत हा प्रकार मांडला आणि तो आजही चालतो, कारण तो कुठल्याही बगवर उभा नाही. विंडोज डोमेनमध्ये ओळख पटते ती कर्बेरॉस पद्धतीच्या तिकिटांनी, आणि डोमेनमधला कोणताही साधा वापरकर्ता कोणत्याही सर्व्हिसचं तिकीट मागू शकतो. व्यवस्थाच तशी आहे. तिकिटाचा एक भाग त्या सर्व्हिस अकाउंटच्या पासवर्डपासून बनलेल्या किल्लीने बंद केलेला असतो. हल्लेखोर तिकीट घेतो, स्वतःच्या मशीनवर नेतो आणि निवांत एकेक पासवर्ड लावून पाहतो.

हे पासवर्ड लावून पाहणं तुमच्या कुठल्याच लॉगमध्ये दिसणार नाही. तुम्हाला दिसू शकते ती फक्त तिकिटाची मागणी, म्हणजे डोमेन कंट्रोलरवरची `4769` या क्रमांकाची नोंद. पकडायची संधी जवळजवळ तिथेच संपते, आणि म्हणूनच सरावासाठी हे तंत्र चांगलं. काही मोडत नाही, एकाच प्रकारची नोंद पाहायची असते, आणि लॉगपासून माणसापर्यंतच्या साखळीतली प्रत्येक कडी तपासून निघते.

आता प्रश्न लिहा. आमचा असा होता: ‘साध्या वापरकर्त्याच्या अकाउंटवरून सर्व्हिस अकाउंटची तिकिटं गोळा केली, तर पाळीवरच्या माणसाला पंधरा मिनिटांत कळतं का, आणि त्याला काय कळतं?’ वाक्याचा उत्तरार्ध विसरू नका. अलर्ट येणं आणि तो समजणं यांत बरंच अंतर असतं.

## 2. परवानगीचा कागद

हे काम कंटाळवाणं आहे, पण ते नसेल तर टेस्टरने कीबोर्डला हात लावू नये. कागद दीड पानाचा पुरतो. त्यात एवढं हवं:

- कोणत्या तारखेला, किती ते किती वाजेपर्यंत
- टेस्टर कोणत्या मशीनवरून आणि कोणत्या अकाउंटवरून काम करणार. मशीनचा आयपी पत्ता लिहून
- कोणत्या सर्व्हिस अकाउंटची तिकिटं मागायची आणि कोणत्यांना हात लावायचा नाही
- मिळालेल्या तिकिटांचं काय करायचं
- थांबवण्याचा अधिकार कोणाला आणि त्यासाठी कोणता फोन नंबर
- सही: डोमेनची जबाबदारी असलेल्या माणसाची आणि सुरक्षाप्रमुखाची

तिकिटांच्या मुद्द्यावर आधीच बोलून घ्या. डिटेक्शन तपासायला पासवर्ड फोडायची काही गरज नसते. फोडायचंच ठरवलं तर ते वेगळं काम समजा, वेगळ्या मशीनवर करा, आणि अहवालात पासवर्ड नव्हे, फक्त ‘फुटला’ किंवा ‘फुटला नाही’ एवढंच जाऊ द्या.

आणखी एक मुद्दा बहुतेक कागदांत नसतो. सराव चालू असताना खरा हल्ला आला तर? सगळे अलर्ट ‘आपलाच सराव’ म्हणून सोडून दिले जातील. म्हणून टेस्टरचा आयपी आणि अकाउंट कागदावर हवेतच. त्या दोन्ही गोष्टी न जुळणारा कुठलाही अलर्ट खरा मानायचा, त्या दिवशीसुद्धा. तुमचा पहारा बाहेरची कंपनी देत असेल, तर तिच्या पाळीप्रमुखाला आदल्या दिवशी कळवा आणि उत्तर लेखी घ्या.

## 3. हल्ल्याआधी लॉगची वाट तपासा

सरावाच्या किमान एक आठवडा आधी हे करा. प्रत्येक डोमेन कंट्रोलरवर ही कमांड चालवा:

```
auditpol /get /subcategory:"Kerberos Service Ticket Operations"
```

उत्तरात निदान `Success` दिसायला हवं. ‘प्रत्येक’ हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. `4769` ही नोंद डोमेनभर होत नाही. ज्या कंट्रोलरने तिकीट दिलं, फक्त त्याच्यावर होते. आमच्याकडे चार कंट्रोलर होते आणि नव्याने उभ्या केलेल्या चौथ्यावर लॉग पाठवणारा एजंट टाकायचा राहून गेला होता. म्हणजे हल्लेखोराचं मशीन त्या चौथ्याशी बोललं की आम्ही आंधळे, आणि कोणता कंट्रोलर मिळेल हे साधारणपणे विंडोजच ठरवतं. हे सरावाआधीच सापडलं म्हणून बरं. नाहीतर चाचणी कधी पकडली जाते आणि कधी सुटते, याचा शोध घेण्यातच आमचा दिवस गेला असता.

कंट्रोलर झाले की सीममध्ये जा आणि या नोंदींकडे डोळ्यांनी बघा, नियमांकडे नंतर. मी इथे तीन गोष्टींत फसलो आहे.

पहिली गोष्ट नावांची. `4769` मध्ये `TargetUserName` म्हणजे लक्ष्य नव्हे, तिकीट मागणारा माणूस. ज्याचं तिकीट मागितलं ते `ServiceName` मध्ये असतं, आणि तिथे एसपीएनची, म्हणजे डोमेनमध्ये सर्व्हिस ज्या नावाने ओळखली जाते त्या नावाची, पूर्ण ओळ नसते, अकाउंटचं नाव असतं. ही नावं कोणी ठेवली देव जाणे, पण नवीन माणूस इथे हमखास उलटा नियम लिहितो.

दुसरी गोष्ट किमतीची. एन्क्रिप्शनचा प्रकार `TicketEncryptionType` मध्ये असतो: `0x17` म्हणजे जुनं आरसी4, `0x12` म्हणजे एईएस 256. काही ठिकाणी लॉग वाचणारा भाग `0x17` चं `23` करून ठेवतो. मग नियम `0x17` शोधत बसतो आणि जन्मात वाजत नाही.

तिसरी गोष्ट वेळेची. नोंद झालेली वेळ आणि ती सीममध्ये पोचल्याची वेळ यांतला फरक मोजा, आणि सगळ्यांनी यूटीसीच वापरायची असं ठरवून टाका. हा फरक पुढे सहाव्या टप्प्यात कामाला येणार आहे.

## 4. चाचण्यांची कार्डं लिहा

प्रत्येक चाचणीसाठी एक कार्ड करा. त्यावर चार गोष्टी: नेमकं काय चालवणार, कोणती नोंद व्हायला हवी, कोणता अलर्ट यायला हवा, आणि नंतर काय आवरायचं. मधल्या दोन गोष्टी पहारेकऱ्यांनी स्वतः लिहायच्या, हल्ल्याच्या आधी. ही अट मी कधीच सोडत नाही. हल्ला झाल्यावर लॉग बघून ‘हो, हे दिसलंच असतं’ असं सगळ्यांनाच वाटतं. आधी कागदावर उतरवलेलं चुकलं, तर चूक कुठे आहे ते ताबडतोब कळतं.

आमची पाच कार्डं अशी होती.

कार्ड अ. एका सर्व्हिस अकाउंटचं एकच आरसी4 तिकीट. याने फक्त वाट तपासायची.

कार्ड आ. एसपीएन असलेल्या सगळ्या सर्व्हिस अकाउंटची तिकिटं एका दमात. तयार हत्यारं साधारण असंच वागतात.

कार्ड इ. तेच काम, पण अर्ध्या तासाला एक तिकीट.

कार्ड ई. ज्या अकाउंटवर एईएस चालू आहे फक्त त्यांचीच तिकिटं, म्हणजे नोंदीत `0x12`.

कार्ड उ. हल्लाच नाही. एक साधा वापरकर्ता नेहमीचं रिपोर्टिंगचं संकेतस्थळ उघडतो. इथे अलर्ट यायला नको.

शेवटचं कार्ड लोकांना गंमत वाटतं, पण ते ठेवाच. ते नसेल तर प्रत्येक गोष्टीवर वाजणारा नियमसुद्धा पास होतो.

अटॉमिक रेड टीमच्या उघड्या संग्रहात या तंत्राच्या तयार चाचण्या मिळतात आणि त्या वापरायला हरकत नाही. तरी पहिली फेरी मी विंडोजमधल्याच `klist` ने करतो. कारण साधं आहे. ओळखीचं हत्यार उतरवताच अँटिव्हायरसने ते उचलून फेकलं, तर तिकीट मागितलंच जात नाही. सगळे खूश होतात आणि कार्डावर ‘पकडलं’ लिहितात. पकडली गेली ती फाइल. तिकिटाची मागणी पकडता येते की नाही, हे अजून कोणालाच माहीत नसतं.

## 5. सरावाचा दिवस

एका खोलीत किंवा एका कॉलवर चार माणसं पुरेत: टेस्टर, नियम लिहिणारा, पाळीवरचा विश्लेषक, आणि वेळ लिहून ठेवणारा. चौथा माणूस जास्तीचा वाटतो, पण तो नसेल तर संध्याकाळी ‘ती दुसरी मागणी नक्की कधी केली होती?’ यावर अर्धा तास जातो.

कार्ड अ असं चालतं. `svc-report` नावाचं अकाउंट आणि त्याचा एसपीएन उदाहरणादाखल घेतले आहेत:

```
klist purge
klist get HTTP/report.corp.example
klist
```

पहिली ओळ अजिबात गाळू नका. मिळालेलं तिकीट मशीन जपून ठेवतं, आणि डोमेनची मूळ सेटिंग बदललेली नसेल तर ते दहा तास चालतं. ते हाताशी असताना पुन्हा मागितलं, तर विंडोज जवळचंच देतं, कंट्रोलरकडे जातच नाही. मग `4769` होत नाही, आणि तुम्ही सकाळी नीट चालणारा नियम दुपारी बिघडला म्हणून डोकं खाजवत बसता. आमचा पाऊण तास असाच गेला होता. टेस्टर म्हणत होती, ‘मी मागितलंय, हे बघ तिकीट समोर आहे,’ आणि नियम लिहिणारा म्हणत होता, ‘माझ्याकडे काहीच आलेलं नाही.’ दोघंही खरं बोलत होते.

शेवटच्या `klist` चं उत्तर नीट वाचा. `KerbTicket Encryption Type` समोर एन्क्रिप्शन दिसतं आणि `Kdc Called` समोर तिकीट देणाऱ्या कंट्रोलरचं नाव. दोन्ही वेळेसकट टिपून घ्या, म्हणजे सीममध्ये नेमकी कोणती नोंद शोधायची हे ठरून जातं. एखादा ठराविक कंट्रोलर तपासायचा असेल तर `klist add_bind` ने मशीनला त्याच्याकडे वळवता येतं. आम्ही कार्ड अ चारही कंट्रोलरवर असंच चालवलं.

निकाल ‘पकडलं’ किंवा ‘सुटलं’ असा लिहू नका. आम्ही पाच पायऱ्या ठेवल्या आहेत: नोंद झाली, नोंद सीममध्ये पोचली, नियम जुळला, अलर्ट माणसापुढे आला, माणसाने बरोबर अर्थ लावला. प्रत्येक कार्डासमोर शेवटची गाठलेली पायरी आणि तिची वेळ लिहायची. काम त्याच्या पुढच्या पायरीवर करायचं.

पाचव्या पायरीचा अनुभव सांगतो. कार्ड आ चालवलं, नियम जुळला, अलर्ट आला. पाळीवरच्या मुलाला विचारलं, ‘दिसलं का काही?’ तो म्हणाला, ‘आला होता सर, पण मी बंद केला. हा रोजच येतो, रिपोर्टिंगवाल्यांचा असतो.’ त्याचं चुकलं नव्हतं. तो नियम खरंच रोज वाजत होता, आणि अलर्टच्या मजकुरात फक्त ‘कर्बेरॉसची संशयास्पद हालचाल’ एवढंच होतं. कोणी मागितलं, किती तिकिटं मागितली, कुठल्या मशीनवरून, यातलं काहीच नाही. त्या दिवसातला सगळ्यात मोलाचा शोध हाच होता, आणि तो टेस्टरच्या कुठल्याच अहवालात आला नसता.

## 6. नियम घासून नीट करा

आमचा मूळ नियम सिग्माच्या भाषेत साधारण असा होता. बहुतेक ठिकाणी सुरुवात इथूनच होते.

```yaml
logsource:
  product: windows
  service: security
detection:
  selection:
    EventID: 4769
    TicketEncryptionType: '0x17'
    Status: '0x0'
  filter_machine:
    ServiceName|endswith: '$'
  filter_krbtgt:
    ServiceName: 'krbtgt'
  condition: selection and not 1 of filter_*
```

अर्थ सोपा आहे: आरसी4 ची यशस्वी तिकिटं दाखव, पण शेवटी `$` असलेली मशीनची अकाउंट आणि कर्बेरॉसचं स्वतःचं अकाउंट `krbtgt` वगळ. मशीनच्या अकाउंटचे पासवर्ड लांबलचक आणि यादृच्छिक असतात, ते फोडण्यात कोणी वेळ घालवत नाही.

मागच्या तीस दिवसांच्या लॉगवर हा नियम चालवला. जवळजवळ सगळा गोंगाट एकाच अकाउंटचा निघाला: `svc-report`. जुनं रिपोर्टिंगचं संकेतस्थळ कर्बेरॉसने लॉगिन घेत होतं, त्याच्या अकाउंटवर एईएस कधी लावलंच नव्हतं, म्हणून ते उघडणाऱ्या प्रत्येक माणसामागे एक आरसी4 तिकीट निघत होतं. कार्ड उ वाजायचं कारण हेच.

आता सगळ्यात मोठा मोह. कोणीतरी म्हणतंच, ‘मग `svc-report` वगळून टाका ना.’ वगळलं की गोंगाट शून्य होतो आणि तक्ता हिरवा. पण फोडायला सगळ्यात सोपं अकाउंट तेच: जुना पासवर्ड, कमजोर एन्क्रिप्शन. चोर जिथून शिरणार, नेमका तिथलाच पहारा तुम्ही उठवता. मागणाऱ्याच्या आयपीवरून वगळायचा विचारही आम्ही केला, पण संकेतस्थळ अख्खी संस्था वापरते, त्यामुळे तो सगळ्यांनाच वगळण्यासारखा झाला असता.

खरा इलाज नियमात नव्हता, अकाउंटमध्ये होता. `msDS-SupportedEncryptionTypes` या गुणधर्मात एईएसची किंमत `24` लावायची. पासवर्ड फार जुना असेल तर त्या अकाउंटला एईएसची किल्लीच नसते, म्हणून तो बदलायचा. आणि ॲप्लिकेशन अकाउंटच्या किल्ल्या ठेवलेली कीटॅब फाइल वापरत असेल तर ती नवी करायची. यातलं काहीही ॲप्लिकेशनच्या मालकाला न सांगता केलंत तर दुसऱ्या दिवशी सकाळी लॉगिन बंद पडेल आणि पुढच्या सरावाला कोणी परवानगी देणार नाही. आम्हाला या एका बदलासाठी तीन आठवडे लागले. जिथे जमेल तिथे ग्रुप मॅनेज्ड सर्व्हिस अकाउंट वापरा. त्याचा पासवर्ड विंडोज स्वतः ठेवतं आणि सेटिंग न बदलल्यास दर तीस दिवसांनी बदलतं.

तीन आठवडे गप्प बसता येत नव्हतं, म्हणून मध्यंतरी दुसरा नियम लिहिला. त्याला एन्क्रिप्शनशी देणंघेणं नाही. एकाच मागणाऱ्याने दहा मिनिटांत किती वेगवेगळ्या सर्व्हिस अकाउंटची तिकिटं घेतली, एवढंच तो मोजतो. मर्यादा किती ठेवायची हे इंटरनेटवरून उचलू नका. तीस दिवसांच्या लॉगवरून प्रत्येक मागणाऱ्याचा दहा मिनिटांतला सर्वोच्च आकडा काढा आणि उतरत्या क्रमाने लावा. आमच्याकडे साधी माणसं तीनच्या वर जात नव्हती, फक्त देखरेखीच्या सर्व्हरचं अकाउंट अकरापर्यंत जात होतं. मर्यादा पाच ठेवली आणि देखरेखीचं अकाउंट वगळलं, पण ते त्याच्या नेहमीच्या आयपीवरून मागत असेल तरच. तेच अकाउंट दुसऱ्या मशीनवरून वापरलं गेलं तर अलर्ट वाजलाच पाहिजे.

कार्ड आ पुन्हा चालवलं आणि नियम गप्प! नोंदी सीममध्ये होत्या, मोजणीही बरोबर होती. इथे तिसऱ्या टप्प्यात मोजलेला उशीर कामाला आला. नियम दर दहा मिनिटांनी चालत होता आणि मागची दहाच मिनिटं बघत होता, आणि नोंदी पोचायला सहा-सात मिनिटं लागत होती. म्हणजे प्रत्येक फेरीत शेवटच्या सहा-सात मिनिटांच्या नोंदी अजून यायच्या असत, आणि पुढची फेरी त्यांच्या पलीकडून सुरू होत असे. नियम दर पाच मिनिटांनी चालवला, मागे पंचवीस मिनिटं बघायला लावलं, मोजणीची खिडकी दहा मिनिटांचीच ठेवली, आणि एकाच मागणाऱ्याचे दुहेरी अलर्ट एकत्र केले. मग तो वाजला. असा उशीर कितीतरी नियमांना मुकाट्याने मारत असतो. हल्ला चालवून बघितल्याशिवाय तो दिसत नाही.

अलर्टचा मजकूरही त्याच बैठकीत बदलला, आणि तो पाळीवरच्या मुलाकडूनच लिहून घेतला: कोणी मागितलं, कुठल्या आयपीवरून, किती आणि कोणत्या अकाउंटची तिकिटं, आणि पहिली कृती कोणती. नियम लिहिणाऱ्याने तो स्वतःच्या भाषेत लिहिला असता, तर पाळीवर कोणालाच उपयोगी पडला नसता.

## 7. हळू चालणाऱ्यासाठी आमिष

कार्ड इ आणि ई एकत्र केली, म्हणजे एईएस तिकिटं हळूहळू घेतली, तर ती या दोन्ही नियमांतून सुटतात. अर्ध्या तासाला एक तिकीट घेणारा मोजणीत सापडत नाही, आणि एईएस तिकीट आरसी4 च्या नियमाला दिसत नाही. मर्यादा खाली आणून किंवा खिडकी दिवसभराची करून बघायचा हट्ट आम्ही तासभर केला. गोंगाट एवढा वाढला की सोडून दिला.

तिथे आमिष अकाउंट कामाला येतं. डोमेनमध्ये एक साधं वापरकर्ता अकाउंट बनवा, त्याला कुठलेही अधिकार देऊ नका, यादृच्छिक आणि खूप लांब पासवर्ड लावा, आणि खऱ्या वाटणाऱ्या सर्व्हिसचा एसपीएन जोडा. ती सर्व्हिस अस्तित्वातच नसल्याने तिचं तिकीट मागायला कोणालाही प्रामाणिक कारण नाही. त्या अकाउंटच्या नावाने एक जरी `4769` आली तरी थेट अलर्ट, मर्यादा नाही, खिडकी नाही.

नाव तुमच्या बाकीच्या सर्व्हिस अकाउंटच्या पद्धतीचंच ठेवा. वर्णनाच्या रकान्यात ‘आमिष’ किंवा ‘चाचणी’ लिहू नका. तो रकाना डोमेनमधल्या कोणालाही वाचता येतो. हे अकाउंट कशासाठी आहे याची नोंद बाहेर, मोजक्या माणसांजवळ ठेवा, नाहीतर वर्षभराने कोणीतरी साफसफाईत ते उडवेल. लावल्यावर एक आठवडा थांबून बघा. एखादं तपासणीचं सॉफ्टवेअर सगळ्याच एसपीएनची तिकिटं मागत असेल तर ते इथेच उघडं पडतं, आणि त्याचं अकाउंट आयपीसकट वगळता येतं.

याचीही मर्यादा आहे. नेमकं एकच खरं अकाउंट हेरून त्याचंच तिकीट घेणारा आमिषाला शिवणारच नाही. आमच्या कार्ड इ मध्ये टेस्टरने सगळी यादी हळूहळू घेतली म्हणून ती सापडली. त्यामुळे कार्डावर ‘आमिषाला हात लावल्यास पकडलं’ असंच लिहा.

## 8. पुन्हा चालवा, मग आवरा

नियम बदलले की पाचही कार्डं पहिल्यापासून चालवा, फक्त बिघडलेलं नव्हे. आमच्याकडे कार्ड ई साठी केलेल्या एका फिल्टरने कार्ड आ चा नियम गप्प केला होता. उ हे कार्ड सगळ्यात शेवटी ठेवा, म्हणजे नव्या नियमांचा गोंगाट लगेच कळतो.

उरलेल्या प्रत्येक कामाला एक माणूस आणि एक तारीख लावा. ‘ब्लू टीमने बघावे’ असं लिहिलेलं काम कोणीच बघत नाही. आमच्या यादीत चारच ओळी होत्या: चौथ्या कंट्रोलरवर एजंट, `svc-report` चं एईएस, मोजणीचा नियम कायम करणं, आमिषाची नोंद ठेवणं. पहिल्या सरावाच्या चाळीस ओळींपेक्षा या चार ओळींनी जास्त काम झालं.

आवरताना टेस्टरच्या मशीनवर `klist purge` करा. कंट्रोलर वळवला असेल तर `klist purge_bind` सुद्धा, नाहीतर ते मशीन त्याच कंट्रोलरला चिकटून बसतं. तिकिटांच्या फाइली काढल्या असतील तर त्या पुसल्याचं टेस्टरकडून लेखी घ्या. टेस्टरचं अकाउंट डिलीट करू नका, बंद करून ठेवा. पुढच्या फेरीला तेच लागतं, आणि जुन्या लॉगमध्ये त्याचं नाव शोधता येतं. सरावापुरती एखादी वगळणी नियमात घातली असेल तर तीही काढा. टेस्टरचा आयपी नियमातून कायमचा वगळलेला मी दोन ठिकाणी पाहिला आहे.

कार्ड अ आता आमच्याकडे दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी प्रत्येक कंट्रोलरवर चालतं, लक्ष्य मात्र आमिष अकाउंट असतं, म्हणजे अलर्ट आलाच पाहिजे. दहा मिनिटांचं काम आहे. गेल्या वेळी एका कंट्रोलरकडून अलर्ट आला नाही. अपडेटनंतर तिथला एजंट सुरूच झाला नव्हता.